सुटायची वेळ

"जळकोटला आज नाही होत मामा. उद्या सकाळी अकरा ते साडेबाराच्या मधी येतेत."

पलीकडचा माणूस ऐकायला तयार नाही. जळकोट ते काय लांब, हायवेला लागलं की आलंच, असं त्याचं म्हणणं. फोन कानाला असूनही त्याचा आवाज दुकानातल्या बाकावर बसलेल्या मला स्वच्छ ऐकू येतोय. वहिनी त्याचं पूर्ण होऊ देतात आणि म्हणतात, "लांब नाहीच मामा. पण गाडी आज अणदूरकडं चाललीय."

मे महिना आहे, सकाळचे सव्वाआठ वाजलेत आणि पत्र्याखाली आताच घाम येतोय. नळदुर्गच्या बसस्टँडपासून थोडं आत, फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर, आरओ दुरुस्तीचं हे दुकान. मेकॅनिक म्हणजे वहिनींचे मालक. ते तांब्याच्या नळ्या आणि गेजचा संच डिकीत भरतायत. बाहेर उघडी पडलेली दोन वॉशिंग मशीन, आत एक दार नसलेला फ्रिज. आणि या सगळ्याच्या मध्ये लोखंडी टेबलावर एक लांब रजिस्टर. धंदा मेकॅनिकच्या हातावर चालतो असं गिऱ्हाईक समजतं. तो किती चालतो ते हे रजिस्टर ठरवतं, असं माझं इथे बसल्याबसल्या मत होतं.

रजिस्टरात रेघा मारून रकाने केलेत. नाव-गाव, घराची खूण, तक्रार, कामाला किती वेळ, वाटेला किती वेळ, गिऱ्हाइकाला काय सांगितलं. आणि शेवटचा रकाना लाल शाईचा: सुटायची वेळ. पोचायची वेळ कुठेच लिहिलेली नाही. मी विचारतो तेव्हा वहिनी मान वर न करता सांगतात, "पोचायची वेळ कळती तवा उशीर होऊन गेलेला असतो. सुटायची वेळ हुकली की मला इथं बसून कळतं."

हिशोब उलटा आहे. अणदूरच्या बाईंना अकरा ते बारा सांगितलंय. नळदुर्गहून अणदूर मोटारसायकलीवर पंधरा मिनिटं. त्यात गल्ली शोधायला, गाडी लावायला, हत्यारं उतरवायला आणखी दहा. मग अकरा पस्तीसच्या आत तर इथून निघायलाच हवं. पण पुढे चिवरी आहे, म्हणून वहिनींनी लाल शाईत १०.४० लिहिलंय. साडेदहाला त्या मालकांना फोन करतात. "कुठवर आलंय?" एवढंच विचारतात. उत्तर "होतच आलंय" असं आलं तर त्या पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर काढून ठेवतात. "संपलं, हत्यारं भरतोय" असं आलं तर नाही काढत.

नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावर बसलंय. पश्चिमेला सोलापूरच्या अंगाला अणदूर, पुढं इटकळ. पूर्वेला उमरग्याच्या अंगाला जळकोट. अणदूर करून जळकोटला जायचं तर पुन्हा नळदुर्गातूनच जावं लागतं. जाऊन-येऊन पाऊण तास नुसता गाडीच्या सीटवर जातो आणि त्या पाऊण तासाचं बिल कुणाला लावता येत नाही. म्हणून वहिनींनी दिवसच वाटून टाकलेत. एक दिवस पश्चिम, एक दिवस पूर्व. फोन कुणाचा आधी आला याला मान आहे, पण त्या दिशेच्या आत. हे जळकोटच्या मामांना पटत नाही, कारण त्यांनी काल संध्याकाळीच फोन केला होता आणि अणदूरच्या बाईंनी आज सकाळी सातला. मामांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

गावातली कामं मात्र वाटलेली नाहीत. ती दिवसाच्या दोन्ही टोकांना आहेत, पहिली दोन सकाळी आणि एक संध्याकाळी. खेडी मध्ये. आधी मला वाटतं की ही सकाळच्या गारव्याची सोय असेल. तसं नाही. गावातलं घर पाच मिनिटांवर आहे, ते अर्धा तास मागं-पुढं सरकवता येतं, रात्री आठलाही करता येतं. चिवरीचं काम एकदा हुकलं की दोन दिवस हुकलं. म्हणजे दिवसभरात जो काही उशीर साठेल तो जिरवायला संध्याकाळचं गावातलं काम मोकळं धरलेलं असतं. ते ज्याच्या वाट्याला येतं त्याला हे ठाऊक नसतं. आज ते एका गुरुजींच्या वाट्याला आलंय.

आजचं पान असं आहे. साडेआठला किल्ल्याजवळच्या घरात वॉशिंग मशीन, पाणी सोडत नाही. साडेनऊला स्टँडवरचा कोल्ड्रिंकचा फ्रिज, गार कमी होतो. मग अणदूरला अकरा ते बारा, फ्रिज टिकटिक करून बंद पडतो. चिवरीला बारा ते दीड, फ्रिज वर गार, खाली गरम. इटकळला अडीच ते चार, फ्रिज चालतो पण अजिबात गार होत नाही. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा गुरुजींचा आरओ. मधे चिवरीनंतर अर्धा तास कोरा सोडलाय, त्यावर 'भाकरी' असं लिहिलंय. इटकळहून परत आल्यावर सव्वाचार ते साडेपाच हाही तुकडा कोरा आहे. त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

कामाला किती वेळ लागेल हे वहिनी फोनवरच काढतात आणि ते ऐकण्यासारखं आहे. त्या "काय झालंय?" एवढ्यावर थांबत नाहीत. "आतला दिवा लागतो का? टिक् असा आवाज करून परत गप होतो का? किती वेळानं परत टिक् करतो? घरातला पंखा नेहमीगत फिरतो का हळू?" अणदूरच्या बाईंनी सगळ्याला हो म्हटलं, पंखा मात्र नीट फिरतो म्हणाल्या. म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो, होत नाही, तापतो आणि ओव्हरलोड त्याला तोडतो. बहुतेक रिले गेलाय. पार्ट डिकीत आहे, पाऊण तास पुरे. पंखा हळू फिरतो म्हणाल्या असत्या तर आधी व्होल्टेजचा संशय घ्यावा लागला असता, आणि मग फ्रिजला हात न लावताच स्टॅबिलायझरवर बोलणं आलं असतं.

चिवरीचा फ्रिज फ्रॉस्ट-फ्री आहे. वर बर्फ जमतो, खाली गार हवा येत नाही. यात आतल्या पॅनलच्या मागं कॉइलवर बर्फाची भिंत साठलेली असते. ती वितळल्याशिवाय पॅनल उघडत नाही, ओढलं तर तुटतं. तिथं जाऊन गरम पाणी ओतत बसलं तर तास जातो. म्हणून वहिनींनी काल रात्रीच सांगून ठेवलंय: झोपताना स्विच बंद करा, दार उघडं ठेवा, खाली पोतं टाका. हे झालं तर सव्वा तासात काम. म्हणून रजिस्टरात तक्रारीखाली बारीक अक्षरात 'रात्री बंद — सांगितलं' अशी नोंद आहे.

इटकळचं काम त्या पाऊण तासच धरतात, आणि हे मला आधी चुकीचं वाटतं. चालतो पण गार होत नाही म्हणजे गॅस गेला असण्याची शक्यता, आणि गॅसचं काम पाऊण तासाचं कुठलं? गळती शोधायची, नळीला झाळ मारायची, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा नि ओल काढायची, मग मोजून गॅस भरायचा आणि गार होतो का बघत थांबायचं. तीन तास कुठं जात नाहीत. "ते काम तिथं करायचंच नाही," वहिनी म्हणतात. "तिथं फक्त बघायचं. गॅसच असला तर टेम्पोत घालून इकडं आणायला सांगायचं." अनिश्चित काम दिवसाच्या शेवटाकडं ठेवायचं आणि त्याला तपासणीपुरताच वेळ द्यायचा, ही त्यांची पद्धत. सकाळीच ते ठेवलं आणि ते लांबलं, तर त्याच्यामागची सगळी घरं लांबतात.

१९५२ साली नॉर्मन बेली आणि जे. डी. वेल्च या दोघांनी 'लॅन्सेट'मध्ये दवाखान्यातल्या अपॉइंटमेंटांवर लेख लिहिला होता. त्यांचा तोडगा साधा होता: सुरुवातीला दोन रुग्ण एकदम बोलवा, म्हणजे डॉक्टर रिकामा बसणार नाही, मग एका रुग्णाला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतरानं एकेक बोलवत जा. इथं हा तोडगा लागू पडत नाही. दवाखान्यात रुग्ण येऊन बाकड्यावर बसतो. इथं डॉक्टरच मोटारसायकलीवर फिरतोय आणि वाट बघणारा आपापल्या घरात अडकून पडलाय. चिवरीच्या घरातली सून रोजगाराला जाते, आज म्हातारीला एकटीला घरी ठेवून गेलीय. अणदूरच्या बाईंनी अंगणवाडीतून तासाची सुटी मागून घेतलीय. उशीर झाला तर त्याचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो, हे वहिनींना पाठ आहे. म्हणून त्या 'अकरा वाजता' असं कधी सांगत नाहीत, 'अकरा ते बारा' सांगतात, आणि बारा म्हणजे बारा.

गावाचं पाणीही या हिशोबात आहे. वॉशिंग मशीन दुरुस्त झालं का हे पाणी भरून फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि आरओही पाण्याशिवाय तपासता येत नाही. किल्ल्याजवळच्या घराला साडेआठ दिलेत कारण त्या गल्लीत आज सकाळी नळ आला होता; तरी "दोन बादल्या भरून ठेवा" हे सांगितलेलंच. किल्ल्याच्या बाजूचं काम पावसाळ्यातल्या रविवारी त्या घेतच नाहीत. बोरी नदीला पाणी आलं, पाणीमहालावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे पडायला लागले की त्या रस्त्यावर सोलापूरपासूनच्या गाड्या उभ्या असतात. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातल्या त्या बांधकामाला काय माहीत, त्याच्यामुळे कुणाचं वॉशिंग मशीन सोमवारवर जातं. पौष पौर्णिमेच्या यात्रेतही तसंच. अणदूरचा खंडोबा तेव्हा नळदुर्गात मैलारपूरला असतो. सव्वादहा महिने अणदूर, पावणेदोन महिने नळदुर्ग, दोन्ही गावांचा तसा लेखी करार आहे आणि तो पाळला जातो. या भागात वेळेचं एवढं पक्कं वेळापत्रक दुसऱ्या कुणाचं मला ठाऊक नाही.

दहा पस्तीस. मालकांचा फोन. कोल्ड्रिंकवाल्याचा फ्रिज झाला, मागच्या जाळीत धूळ आणि जळमट भरली होती, ब्रशनं काढली. १०.४० ला दोन मिनिटं असताना ते दुकानासमोरून जातात, हात करतात. वहिनी आता अणदूरला फोन लावतात: "ताई, निघालेत. वीस-पंचवीस मिनिटांत दारात." गाडी प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय हा फोन होत नाही. पाच मिनिटांत पोचतो असं सांगून तास लावणारे मेकॅनिक प्रत्येकानं पाहिलेत. मीही पाहिलेत आणि त्यांच्यापायी एकदा दिवसभर घरात बसलोय. इथं तो फोन खरा असतो, म्हणून लोक घराबाहेर येऊन उभे राहतात आणि गल्ली शोधण्यातली दहा मिनिटं कधी कधी तीन होतात.

घराची खूण हाही एक रकाना आहेच. खेड्यात घरनंबर कुणी सांगत नाही. व्हॉट्सअॅपवर लोकेशन येतं, पण ते बऱ्याचदा माणूस शेतात असताना पाठवलेलं असतं आणि मेकॅनिक उसाच्या फडात जाऊन उभा राहतो. वहिनी लोकेशन घेतात आणि वर विचारतात, "मारुतीपासून कुणीकडं? दारात काय आहे?" अणदूरसमोर लिहिलंय: शाळेमागं, निळं गेट, दारात लिंब.

अकरा दहा. मालकांचाच फोन. "लाइट गेली."

रिले काढून हातात आहे, नवा बसवायला दोन मिनिटं. पण कॉम्प्रेसर उचलतो का हे लाइटीशिवाय कळणार नाही. आणि न तपासता पैसे घेऊन उठायचं नाही, हे या दुकानाचं धोरण. गावात कुणालाच माहीत नाही लाइट कधी येणार. एक जण म्हणतो तास, दुसरा म्हणतो झाड पडलंय. आता दोन रस्ते आहेत. तिथंच बसायचं, किंवा पुढं निघायचं. वहिनी एका हातात हा फोन तसाच धरून दुसऱ्यावरून चिवरीला लावतात. "आजी, लाइट हाय का तुमच्याकडं? हाय? मेकॅनिक बाराच्या आधीच आले तर चालंल का? घरीच आहात ना?" आजी घरीच आहेत. मग पहिल्या फोनवर: "रिले बसवून ठेवा. चिवरीला जावा. येताना अणदूरहूनच यायचंय. ताईंना फोन द्या."

पुढचं बोलणं मी मुद्दाम ऐकतो. वहिनी ताईंना लगेच येतो असं म्हणत नाहीत. "लाइट आली तरी ते दोनच्या आत येत नाहीत, चिवरीचं काम मोठं आहे. तुम्हाला अंगणवाडीत जायचंय ना? जावा. शेजारी किल्ली ठेवा नाहीतर दोनला घरी या. तोवर फ्रिज लावू नका, प्लग काढूनच ठेवा." ताईंचा आवाज उतरतो, पण त्या चिडत नाहीत. दोन वाजेपर्यंतचा वेळ त्यांना परत मिळालाय.

रजिस्टरात अणदूर आणि चिवरी यांच्यामध्ये वहिनी बाणाची उलटापालट करतात. नवी सुटायची वेळ लिहितात: चिवरी १.३५.

सव्वाबाराला ताईंचा फोन येतो, लाइट आली म्हणून. "आली तर बरं झालं. दोनच." एवढंच. मालकांना त्या हे कळवतही नाहीत. कळवलं तर घाई होते, असं त्यांचं म्हणणं. चिवरीहून वेगळीच बातमी आहे. बर्फ वितळलेला नाही. आजींनी रात्री फ्रिज बंद केला खरा, पण पहाटे तीनला उठून परत लावला, आत दूध होतं. कुणीही हेच केलं असतं. 'रात्री बंद करा' सांगताना 'दूध शेजारी ठेवा' हेही सांगायला हवं होतं असं वहिनी स्वतःशीच म्हणतात आणि रजिस्टराच्या आतल्या पुठ्ठ्यावर, जिथं असे इशारे लिहिलेत, तिथं एक ओळ वाढवतात. गरम पाण्याची पातेली चढतात. अर्धा तास जास्त जाणार. पण चिवरीला ते अकरा चाळीसलाच पोचलेत, वीस मिनिटं आधी. शिवाय भाकरीचा अर्धा तास आहे. तो आजींच्याच ओसरीवर, बर्फ वितळताना, कालवण-भाकरीत वापरला जातो.

बर्फ गेल्यावर पॅनल उघडतं. मीटर लावल्यावर कळतं की डिफ्रॉस्टचा हीटर ठीक आहे, त्याच्या जोडीचा थर्मोस्टॅट तुटलेला. साठेक रुपयांचा पार्ट नसल्यामुळे अख्खा दिवस जाऊ शकला असता, कारण तो इथं मिळत नाही, सोलापूरहून बसवर मागवावा लागतो, पन्नास किलोमीटर. पण 'वर गार, खाली गरम' हे ऐकूनच वहिनींनी सकाळी डिकीत हीटर, थर्मोस्टॅट आणि टायमर अशी तिन्ही टाकायला लावली होती. फेरी वाया जाते ती जास्त करून अशा ठिकाणी. माणूस वेळेवर पोचतो आणि पार्ट नसतो. मग तेच घर दुसऱ्या दिवशी परत, वाटेचा वेळ दुप्पट.

दीड वाजता वहिनी फोन करतात. एक चाळीसला मालक चिवरी सोडतात. पाच मिनिटांचा फरक. वहिनी टिचकी मारून तो सोडून देतात. अणदूरला दोनला, प्लग लावतात, कॉम्प्रेसर उचलतो, तरी पंचवीस मिनिटं चालवून, मीटरवर करंट बघून मगच बाहेर पडतात. तीन वाजता इटकळ. सांगितलेल्या वेळेच्या पोटात. लाइट गेली, बर्फ वितळला नाही, दोन गावांची अदलाबदल झाली, आणि इटकळच्या माणसाला यातलं काही कळलेलंही नाही. मला वाटतं आजचा दिवस तरला.

दिवस बुडतो तो इटकळला, आणि तोही फ्रिजमुळे बुडत नाही. फ्रिजचा गॅस गेलाय हे पंधरा मिनिटांत नक्की होतं. मागच्या नळीच्या वळणावर तेलकट डाग आहे, साबणाचा फेस लावायची गरजही उरत नाही. गॅस गळतो तिथं त्याच्याबरोबर तेलही झिरपतं. घरमालक उद्या टेम्पोत घालून आणतो म्हणतो. लाल शाईत ३.५० आहे. तीन चाळीसला वहिनी फोन करतात. मागून आवाज येतात: बायकांचे, पोरांचे, आणि कुठलीतरी मोटर घुरघुरल्याचा.

"शेजारचा कूलर आहे," मालक म्हणतात. "आलोच आहे तर."

आलाच आहात तर. दुरुस्तीवाला गावात दिसला की हे सुरू होतं. एक मिक्सर घेऊन येतो, एक इस्त्री, कुणी कूलरचा पंप. काम दहा मिनिटांचं असतं आणि नाही म्हणायला तोंड उचलत नाही. त्या गावात पुढच्या महिन्यातही जायचंय. वहिनींचा नियम असा की सुटायच्या वेळेला वेळ शिल्लक असेल तर शेजारचं काम करा, नसेल तर नाव-नंबर लिहून घ्या, पुढच्या फेरीत. मालक हा नियम अर्ध्या वेळा पाळतात. आज तीन चाळीस आहेत, म्हणजे दहा मिनिटं शिल्लक. ते त्या दहा मिनिटांवर विसंबून कूलर उघडतात. आत पाण्यातला क्षार जमून पंपाचा पंखा जाम झालाय. तो काढून घासेपर्यंत दुसरा कूलर ओसरीवर येऊन उभा राहतो. उन्हाळा आहे, इटकळात कूलर भरपूर आहेत.

याच वेळी इकडं फोन वाजतो. बाजारपेठेतल्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर बंद पडलाय, आत सगळा माल आहे. असलं काम पुढं ढकलता येत नाही. वितळलेला माल परत गोठवला तरी विकता येत नाही. वहिनी त्याला सांगतात: झाकण उघडू नका, वर गोधडी टाका, साडेपाचला येतेत. साडेपाच. गुरुजींची वेळ.

इथं त्या थोडा वेळ काहीच करत नाहीत. मग रजिस्टर पुढं ओढतात. सव्वाचार ते साडेपाच कोरा ठेवलेला तुकडा होता. मालक वेळेवर सुटले असते तर आइस्क्रीमवाला त्यातच बसला असता आणि गुरुजी साडेपाचलाच राहिले असते. आता मालक चार वीसपर्यंत सुटत नाहीत हे त्यांनी धरलंय. अर्धा तास वाट, म्हणजे चार पन्नास. चहा, हत्यारं, फ्रीझरचा रिले किंवा कपॅसिटर दुकानातून उचलणं: पाच वीस. फ्रीझरला तास धरायचा. गुरुजी साडेसहा ते साडेसात, आणि तेही नक्की नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी गुरुजींना फोन जातो, त्यांच्या वेळेच्या दीड तास आधी. "गुरुजी, आज साडेपाच जमत नाही. दोन गोष्टी आहेत. साडेसातला येतेत, पण तेही मागं-पुढं होईल. नाहीतर उद्या सकाळी सव्वाआठला पहिलं काम तुमचं, ते पक्कं. काय करू?"

गुरुजी रागावतात. आरओ तीन दिवस बंद आहे, घरात पाहुणे आहेत, तुम्ही लोकांनी वेळ दिलीच कशाला. वहिनी मधे बोलत नाहीत. कारण सांगत नाहीत, आइस्क्रीमवाल्याचं नाव घेत नाहीत. मी नंतर विचारतो तेव्हा त्या म्हणतात की दुसऱ्याचं काम तुमच्यापेक्षा मोठं होतं हे कुणालाच ऐकायचं नसतं. गुरुजींचं बोलून झाल्यावर त्या परत तोच प्रश्न विचारतात, साडेसात की सव्वाआठ. गुरुजी सव्वाआठ घेतात. जारचं पाणी कुठं मिळतं तेही त्याच फोनवर सांगून होतं.

पाच वाजायला पाच कमी असताना मालक येतात. शर्ट पाठीला चिकटलाय. पाणी पितात, तांब्या रिकामा करतात आणि रजिस्टराकडं बघत नाहीत.

"तीन पन्नास लिहिलं होतं," वहिनी म्हणतात.

"दोन कूलर होते."

"पैसे?"

"एकाचे पन्नास. दुसरी म्हातारी होती अगं, तिच्याकडून काय घेऊ."

वहिनी काही म्हणत नाहीत. फ्रीझरसाठी कपॅसिटर आणि रिले काढून टेबलावर ठेवतात, मालक खिशात टाकून तसेच बाहेर पडतात. मग त्या उद्याचं पान उघडतात. सव्वाआठला गुरुजी. त्याच्याखाली जळकोट, अकरा ते साडेबारा, आणि जळकोटच्या पुढं आणखी दोन गावं. वाटेच्या वेळांत काही बदल नाही. फक्त पुठ्ठ्यावर, जिथं गावांच्या नावांपुढं वाटेची मिनिटं लिहिलीत, तिथं त्या इटकळच्या पुढं कंसात भर घालतात: मे अखेरपर्यंत कामात अर्धा तास जास्त धरणे, कूलर. थोडं थांबून तेच जळकोटपुढंही लिहितात.